पन्नासची पायरी काढू का?

वाचकाचं पत्र

मी चित्रकथा लिहितो आणि काढतो. दीड वर्षापूर्वी वाचकांनी महिन्याला थोडे पैसे द्यावेत म्हणून एका प्लॅटफॉर्मवर पान उघडलं. आज ४३ पाठीराखे आहेत. १ डॉलर देणारे २२, त्यांची नावं कथेच्या शेवटी छापतो. ५ डॉलर देणारे १२, त्यांना नवी कथा आठवडाभर आधी आणि सोबत कच्ची रेखाटनं. १२ डॉलर देणारे ७, त्यांना दर महिन्याला हाताने रंगवलेलं पोस्टकार्ड टपालाने. २५ डॉलर देणारे २, त्यांना दर महिन्याला सांगतील त्याचं व्यक्तिचित्र. एका पोस्टकार्डाला दीड तास लागतो आणि कागद-टपालाचे ४ डॉलर. व्यक्तिचित्राला चार तास. ५ डॉलरवाल्यांचं सगळं मिळून महिन्याला तीन तासांत होतं. पानावर २१६ डॉलर दिसतात, खात्यात १७५ येतात. दोन महिन्यांची पोस्टकार्डं थकली आहेत, नवी कथा अडकली आहे, आणि दर महिन्याला दोघं-तिघं सोडून जातात. पैशांच्या बदल्यात देतो त्या परतभेटी कमी पडताहेत का? महिन्याला ५० डॉलर देणाऱ्यांसाठी एक नवी मोठी पायरी काढू, की कमी कमिशन घेणाऱ्या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जाऊ?

उत्तर

पन्नासची पायरी काढू नका. आणि प्लॅटफॉर्म बदलायची घाईही नको. का, ते सांगते. त्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल, पण तो तुम्हीच पत्रात अर्धा करून ठेवला आहे. तासांचे आकडे लिहून पाठवणारे फार थोडे असतात. बहुतेकांना आपला वेळ कुठे गेला हे विचारलं की ते फक्त सुस्कारा टाकतात.

आधी २१६ आणि १७५ यांच्यामधले ते एक्केचाळीस डॉलर. ते एका खिशात गेलेले नाहीत, दोन वेगळ्या खिशांत गेले आहेत. पहिला खिसा प्लॅटफॉर्मचा. त्याचं कमिशन टक्क्यांत असतं. पॅट्रिऑनवर ऑगस्ट २०२५ पासून नवं पान उघडणाऱ्यांसाठी ते १० टक्के आहे, बाय मी अ कॉफीवर ५ टक्के. तुमच्या आकड्यांवरून तुमचं १० टक्क्यांचं दिसतं, म्हणजे २१ डॉलर ६० सेंट. दुसरा खिसा कार्डाचा व्यवहार पार पाडणाऱ्या कंपनीचा. तिचा नेहमीचा दर असतो प्रत्येक व्यवहारामागे २.९ टक्के, आणि वर ठोक ३० सेंट. टक्क्यांचा भाग सव्वासहा डॉलर झाला. ठोक भाग मात्र ४३ माणसांचे १२ डॉलर ९० सेंट झाला, म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट. लोक कमिशनच्या टक्केवारीवरून तावातावाने बोलतात आणि हे तीस सेंट कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

तीस सेंटना माणूस किती देतो याच्याशी देणंघेणं नसतं. २५ डॉलर देणाऱ्याकडूनही तीस, १ डॉलर देणाऱ्याकडूनही तीसच. म्हणून १ डॉलरमधून तुमच्या हाती ५७ सेंट उरतात, ५ डॉलरमधून ४ डॉलर ५ सेंट, आणि १२ मधून १० डॉलर १५ सेंट. काही ठिकाणी तीन डॉलरपर्यंतच्या रकमेला वेगळा दर लावतात, ५ टक्के आणि १० सेंट. तसं असेल तर एका डॉलरमधले ७५ सेंट हाती येतात. तुमच्या पानाच्या शुल्कांची माहिती उघडून हे एकदा बघून घ्या. त्याशिवाय पैसे बँकेत वळते करताना आणि चलन बदलताना थोडं आणखी झिजतं, ते जागोजागी वेगळं असतं.

आता तुमचं मुख्य गृहीतक. मोठी पायरी म्हणजे मोठी कमाई, असं तुम्ही धरून चालला आहात. मीही धरलं होतं. काही वर्षांपूर्वी माझ्या लेखांसाठी असंच एक पान होतं, आणि वरच्या पायरीला मी हाताने लिहिलेलं पत्र ठेवलं होतं. पहिल्या महिन्यात तीन पत्रं लिहिली, मजा आली. सहाव्या महिन्यात अकरा होती, आणि पेन उचललं की पोटात गोळा यायचा. शेवटी चार महिने मागे पडले तेव्हा कुठे कागद-पेन घेऊन बसले, पत्रासाठी नव्हे, हिशेबासाठी.

तोच हिशेब तुमच्या पायऱ्यांवर करू. १२ डॉलरवाल्या सात जणांकडून शुल्क वजा जाता ७१ डॉलर येतात. कार्डांचा आणि टपालाचा खर्च २८. उरले ४३. वेळ किती? सात कार्डं, दीड-दीड तास, म्हणजे साडेदहा तास. तासाला चार डॉलर पडले. २५ डॉलरवाल्या दोघांकडून ४३ येतात आणि आठ तास जातात, म्हणजे तासाला सव्वापाच-साडेपाच. आणि ज्या पायरीकडे तुम्ही ढुंकूनही बघत नाही, त्या ५ डॉलरवाल्या बारा जणांकडून ४८ डॉलर ६६ सेंट येतात, तीन तासांत. तासाला सोळा.

फरक रकमेत नाही, परतभेटीच्या जातीत आहे. ५ डॉलरवाल्यांना तुम्ही जे देता ते एकदाच तयार होतं आणि कितीही जणांना देता येतं. उद्या तिथे बाराचे चोवीस झाले तरी तुमचे तीनच तास जातील. पोस्टकार्ड आणि व्यक्तिचित्र मात्र माणसागणिक नव्याने करावं लागतं. तिथे माणसं वाढली की कामही तेवढंच वाढतं, आणि ज्या दिवशी पान खरोखर चालायला लागेल त्याच दिवशी तुम्ही कोलमडाल. पन्नासच्या पायरीवर तुम्ही काय देणार होतात ते लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की ते आणखी काहीतरी हाताने केलेलं असणार. मोठी रक्कम मागायची म्हटलं की आपल्याला लाज वाटते, आणि त्या लाजेपोटी आपण आपला वेळ स्वस्तात विकून बसतो.

मग पोस्टकार्डाचं काय करायचं? ते बंद करा असं मी म्हणत नाही. घरपोच येणाऱ्या कागदाला एक मोल असतं, ते पडद्यावरच्या चित्राला येत नाही. पण दर महिन्याला सात मूळ चित्रं काढण्याऐवजी दर तीन महिन्यांनी एकच चित्र काढा, त्याच्या छापील प्रती करा, आणि प्रत्येक प्रतीमागे दोन ओळी हाताने लिहा. समजा हा बदल दोघांना रुचला नाही आणि सातातले पाचच राहिले. त्या पाच जणांकडून महिन्याला ५० डॉलर ७६ सेंट येतील. तिमाहीचा खर्च जास्तीत जास्त २० धरू, म्हणजे महिन्याला पावणेसात. हातात उरले ४४. आज सात माणसं आणि साडेदहा तास घालवून तुम्हाला ४३ उरतात. नव्या पद्धतीत चित्र काढायला तीन तास आणि पाकिटं भरायला दोन, असे तिमाहीला पाच तास, म्हणजे महिन्याला दोन तासही नाहीत. दोघं गेले तरी पैसे तेवढेच, आणि साडेआठ तास तुमच्या अडकलेल्या कथेला परत मिळाले.

एक वाट मात्र टाळा, कारण ती हमखास सुचते. दर महिन्याला चिठ्ठी काढून एकाच पाठीराख्याला मूळ चित्र द्यायचं. ऐकायला छान, पण पैसे घेऊन नशिबावर बक्षीस देणं ही बऱ्याच देशांच्या कायद्यात लॉटरी ठरते, आणि पॅट्रिऑनच्या नियमांतही अशा सोडतींना मनाई आहे. पान बंद पडण्याइतकं ते अंगलट येऊ शकतं.

व्यक्तिचित्रं पायरीवरून काढून टाका आणि वेगळी, एकेक ऑर्डर म्हणून घ्या. किंमत ठरवायची तर तुमच्याच पानाचा सगळ्यात चांगला दर लावा. तासाला सोळा, चार तास, म्हणजे ६४. हे ६४ हाती यायचे असतील तर शुल्कं धरून साधारण ७४ मागावे लागतील. आज तुम्ही २५ मागता. ७४ म्हटल्यावर ते दोघं दचकतील, कदाचित घेणारही नाहीत. पण वर्षातून एखादं चित्र कुणी त्या किमतीला घेतलं तर ते तुम्ही आनंदाने काढाल. आणि जे दोघं आज २५ देताहेत त्यांना दर महिन्याला नवं व्यक्तिचित्र खरंच हवं असतं का, हेही एकदा विचारा. दीड वर्षात छत्तीस चित्रं होतात. कुठे लावत असतील ती? मला वाटतं त्यातला निदान एक जण तुम्हाला नुसतीच मदत करायला आला होता आणि परतभेट गळ्यात पडली म्हणून घेत राहिला.

आता खालच्या बावीस जणांकडे येऊ. तिथला आकडा बोचतो. २२ डॉलर देतात, तुमच्यापर्यंत साडेबारा पोचतात. कुणीही सांगेल की ही पायरी बंद करा. मी नाही सांगणार. डिसेंबर २०१७ मध्ये पॅट्रिऑनने ठरवलं होतं की प्रत्येक देणगीवर २.९ टक्के आणि ३५ सेंट हे शुल्क आता पाठीराख्यांकडून वरून घ्यायचं. १ डॉलर देणाऱ्याला १ डॉलर ३८ सेंट पडणार होते. तोवर दहा कलाकारांना एकेक डॉलर देणाऱ्या माणसाच्या कार्डावर महिन्याला एकदाच एकत्र रक्कम पडत असे, त्यामुळे ठोक शुल्क वाटलं जायचं. आता ते दहा वेळा लागणार होतं. लोकांनी धडाधड छोट्या देणग्या काढून घेतल्या, आणि आठवडाभरात कंपनीला माफी मागून निर्णय मागे घ्यावा लागला. थोडं थोडं अनेकांना देणारा वाचक हाच या पानांचा पाया आहे, आणि तोच सगळ्यात लवकर दुखावतो.

म्हणून ती पायरी राहू द्या, फक्त शेजारी एक दार उघडा. वर्षाचे १२ डॉलर एकदम. तो वाचक तेवढेच पैसे देतो, पण तीस सेंट बारा वेळा जाण्याऐवजी एकदाच जातात. महिन्यामहिन्याने दिलेल्या १२ डॉलरमधून तुम्हाला ६ डॉलर ८५ सेंट मिळतात, एकदम दिलेल्यातून १० डॉलर १५ सेंट. हे त्यांना उघडपणे सांगा. वाचकाला शुल्काचं गणित कळलं की तो बहुधा आपणहून वार्षिककडे वळतो, कारण आपला निम्मा डॉलर वाटेत सांडतो हे त्यालाही आवडत नाही. हे पैसे वर्षभराचे आहेत, एका महिन्याचे नाहीत, एवढं मात्र तुम्ही स्वतःला बजावून ठेवा. मी एकदा विसरले होते आणि मार्चमध्येच वर्ष संपलं होतं.

प्लॅटफॉर्म बदलण्याबद्दल. तुमच्या २१६ वर १० ऐवजी ५ टक्के लागले तर महिन्याला १० डॉलर ८० सेंट वाचतील. ठोक तीस सेंट तिथेही तेवढेच, कारण ते कार्डाच्या कंपनीचे आहेत. पण चालू वर्गण्या एका जागेवरून दुसऱ्या जागी आपोआप जात नाहीत. प्रत्येक माणसाला नव्या ठिकाणी जाऊन पुन्हा खातं काढावं लागतं, कार्ड घालावं लागतं. त्यात ५ डॉलरवाले तिघं आळसाने गळाले की बारा-तेरा डॉलर गेले आणि वाचलेलं सगळं संपलं. अजून पान उघडलंच नसेल त्याने मात्र आधी तुलना करावी. ज्याला परतभेटी द्यायच्याच नाहीत त्याच्यासाठी लिबरापे बरं. ती ना-नफा संस्था चालवते, देणगीतून कमिशन कापत नाही, आणि देणगीच्या बदल्यात काही द्यायचं नाही हाच तिथला रिवाज आहे. को-फाय एकवेळच्या देणग्यांसाठी लोकप्रिय आहे. तुम्ही तिथे एक एकवेळचं पान ठेवू शकता, दर महिन्याला बांधून घ्यायचं नसलेल्या वाचकांसाठी. पण आहे ते घर मोडून नको.

एक जागा अशी आहे जिथे गळती प्लॅटफॉर्मच्या कमिशनहून मोठी असू शकते, ती म्हणजे आयफोनचं ॲप. ॲपमधून घेतलेल्या नव्या वर्गणीवर ॲपल ३० टक्क्यांपर्यंत घेतं, आणि पॅट्रिऑनवर नोव्हेंबर २०२४ पासून हे लागू झालं. पुढे अमेरिकेतल्या एका न्यायालयीन निकालानंतर तिथल्या वापरकर्त्यांना ॲपबाहेर पैसे भरायची वाट मिळाली, बाकी ठिकाणी प्रश्न उरलाच. अशा वेळी किंमत तीच ठेवली तर ५ डॉलरमधला दीड डॉलर आधीच जातो. तो भरून काढायचा तर ॲपमध्ये ७ डॉलर १५ सेंट मागावे लागतात. सेटिंगमध्ये ही वाढ आपोआप करायची सोय असते, ती चालू आहे का ते पाहा. आणि कथेखाली दुवा देताना ब्राउझरमध्ये उघडणारा द्या, ‘इथून आलात तर स्वस्त पडेल’ एवढं लिहून.

राहता राहिले सोडून जाणारे दोघं-तिघं. ते परतभेटींवर नाराज आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? पाठीराख्यांची यादी उघडा आणि प्रत्येकाच्या नावापुढची स्थिती बघा. ज्याने स्वतःहून वर्गणी बंद केली आणि ज्याचं कार्ड नाकारलं गेलं, हे वेगळे दाखवलेले असतात. कार्डाची मुदत संपते, नवं कार्ड येतं, आणि जुना क्रमांक पानावर तसाच राहतो. तो माणूस गेलेला नसतो, त्याला कळलेलंच नसतं. अशांना दोन ओळींचा निरोप धाडा, त्यांतले बरेच परत येतात. स्वतःहून गेलेल्यांत १२ डॉलरवाले किती आहेत तेही मोजा. ते जास्त असतील तर कारण उघड आहे, त्यांची पोस्टकार्डं पोचलेली नाहीत.

ही शेवटची गोष्ट खरं तर पहिली करायची आहे. परतभेट ठरवलीत त्या क्षणी ती देणगी उरत नाही, पाठीराख्याच्या मनात ती खरेदी होते, आणि अनेक देशांच्या करकायद्यातही. म्हणून थकलेली चौदा कार्डं हे तुमच्यावरचं कर्ज आहे, आणि पायऱ्यांची फेररचना जाहीर करण्याआधी ते फिटलं पाहिजे. उलट्या क्रमाने केलंत तर तुम्ही कार्डं बुडवण्यासाठी नियम बदलले असंच दिसेल. पानावर एक महिना वसुली थांबवण्याची सोय असेल तर ती वापरा. त्या महिन्यात कुणाच्या कार्डावर काही पडत नाही, आणि तुम्हाला एकवीस तास मोकळे मिळतात, नेमके चौदा कार्डांपुरते. ज्यांना वाट बघायची नसेल त्यांना पैसे परत करायची तयारी दाखवा. परताव्यात बऱ्याचदा कार्डाचं शुल्क तुमच्या अंगावर पडतं, तो तोटा सोसा.

कार्डं टपालात पडली की १२ आणि २५ च्या जुन्या पायऱ्या नव्या लोकांसाठी बंद करा. असलेले पाठीराखे त्यात राहतात, फक्त नवं कुणी येऊ शकत नाही. मग पुढच्या वसुलीच्या निदान तीन आठवडे आधी सगळ्यांना लिहा. लांबण लावू नका, दिलगिरीचे चार परिच्छेद नकोत. साधारण असं:

‘थकलेली सगळी पोस्टकार्डं काल टपालात टाकली. उशिराबद्दल माफी. पुढच्या महिन्यापासून पोस्टकार्ड दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी येईल, एकाच चित्राची छापील प्रत, मागे माझ्या हाताने लिहिलेलं. व्यक्तिचित्रं आता वेगळी मागवता येतील. यातून वाचलेला वेळ नव्या कथेत जाईल, तिचं पहिलं प्रकरण या तारखेला तुमच्याकडे येईल. हा बदल नको असेल तर पुढची रक्कम कापली जाण्याआधी वर्गणी कमी किंवा बंद करता येईल, कशी ते खाली दिलं आहे.’

तारीख लिहाल तिथे खरी तारीख लिहा, आणि मनात ठरवलेल्या तारखेच्या दोन आठवडे पुढची. २५ डॉलरवाल्या दोघांना मात्र हा सगळ्यांचा निरोप पाठवू नका. त्यांना आधी, वेगवेगळं लिहा, आणि त्या छत्तीस चित्रांतलं कुठलं सगळ्यात आवडलं ते विचारा.